अन्ननलिकेच्या ऑपरेशननंतर: नळीचं फीड, चार घासांत भरणारं पोट आणि वजनाची वही

प्रश्न: बाबांचं (वय 61) अन्ननलिकेच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन चार आठवडे झाले. आजारापूर्वी वजन 64 किलो होतं, ऑपरेशनच्या वेळी 59, घरी आणलं तेव्हा 56.5 आणि आज 54.1. पोटावरच्या नळीतून दिवसातून चार वेळा फीड देतो. प्रत्येक वेळी 200 मिली सांगितलं होतं, पण पोटात कळ येऊन जुलाब होतात म्हणून 150 वर आणलं. बाटलीतून अर्ध्या तासात जातं, पंप नाही. तोंडाने पेज, नारळपाणी, साबुदाण्याची खीर देतो, पण चार घासांत पोट भरतं. पाचवा घास घेतला की छातीत दाटतं, कधी घाम येतो. फीड वाढवायचं की नळी लवकर बंद करून खाण्यावर भर द्यायचा? आणि डॉक्टरांना दाखवायला नेमकं काय लिहून ठेवायचं?

उत्तर:

नळी आत्ता बंद करू नका. फीड वाढवायला हवं, पण आधी ते देण्याची पद्धत बदलायला हवी. कळ आणि जुलाब यांचं सगळ्यात संभाव्य कारण फीडचं प्रमाण नाही, वेग आहे.

तुमच्या बाबांची नळी जठरात नाही, लहान आतड्याच्या जेजुनम नावाच्या भागात आहे. जठर ही साठवणीची जागा आहे. तिथे एकदम 200 मिली गेलं तरी ते थोडं थोडं पुढे सोडलं जातं. जेजुनमला अशी साठवण नाही. अर्ध्या तासात 150 मिली म्हणजे ताशी 300 मिलीचा वेग झाला, आणि जेजुनमला साधारणपणे ताशी 100 ते 120 मिलीच्या वर देत नाहीत. एवढं दाट द्रव एकदम आलं की आतडं ते पातळ करायला रक्तातलं पाणी आत ओढतं, ताणलं जातं, जोरात आकुंचन पावतं. मग कळ, घाम, धडधड आणि पाठोपाठ पातळ शौच. रात्री रोलर सैल राहून बाटली भसकन रिकामी झाली तरी हेच होतं. म्हणून प्रमाण कमी करून फारसा फायदा झाला नाही, उलट कॅलरी तेवढ्या घटल्या.

घरी आणखी एक चूक सर्रास होते. जुलाब दिसले की फीडमध्ये पाणी वाढवतात. त्याने पोषण कमी होतं आणि दूषित होण्याची शक्यता वाढते, मूळ कारण मात्र तसंच राहतं. पावडर डब्यावर लिहिलेल्या प्रमाणातच कालवा आणि वेग कमी करा.

आता हिशेब करू. ऑपरेशननंतरच्या काळात दर किलो वजनामागे दिवसाला 25 ते 30 कॅलरी आणि 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रथिनं धरतात. वजन 55 किलो धरलं तर रोज साधारण 1400 ते 1650 कॅलरी आणि 66 ते 82 ग्रॅम प्रथिनं लागतील. तुमचं फीड नेहमीचं, म्हणजे 1 मिलीला 1 कॅलरी देणारं असेल, तर 150 मिली चार वेळा म्हणजे 600 कॅलरी. पातळ पेज, नारळपाणी आणि थोडी खीर मिळून तोंडाने फार तर 400. एकूण 1000 च्या आसपास, म्हणजे रोज किमान 400 कॅलरींची तूट. घरी आल्यावर वजन जवळपास अडीच किलो उतरलं त्याचा मोठा भाग इथे आहे. त्यातलं थोडं सलाईनमुळे अंगात साठलेलं पाणी उतरल्यानेही असू शकतं. पहिल्या दोन आठवड्यांत ते होतंच.

फीड असं लावा. पंप नसेल तर रात्रभर कुणाच्या देखरेखीशिवाय बाटली लावून ठेवू नका. संध्याकाळी सहा ते रात्री बारा आणि पहाटे चार ते आठ, असे दहा तास धरा. दिवसाचा वेळ तोंडाच्या खाण्यासाठी मोकळा राहतो. दिवसभर नळीतून फीड चालू असलं की आधीच मंद झालेली भूक आणखी मरते. पहिले दोन दिवस ताशी 50 मिली, म्हणजे दिवसाचे 500 मिली. हे आत्तापेक्षा कमी आहे, पण आतड्याला शांत होऊ द्यायचंय. दोन दिवस कळ नाही, पोट फुगलं नाही, शौच दोन-तीन वेळाच झालं, तर ताशी 70. पुन्हा दोन दिवसांनी ताशी 90. तिथे थांबायचं. 900 मिली नळीतून आणि 500 कॅलरी तोंडाने झाल्या की 1400 ची खालची रेघ गाठली. प्रथिनांचं लक्ष मात्र वेगळं ठेवावं लागेल. अशा फीडच्या एका लिटरमध्ये साधारण 40 ग्रॅम प्रथिनं असतात (डब्यावर बघा), म्हणजे 900 मिलीतून 36 ग्रॅम. उरलेली 30 ग्रॅम तोंडाने यायला हवीत, आणि ती पेजेतून येणार नाहीत. ती भरत नसतील तर फीडमध्ये प्रथिनांची पावडर मिसळायची का हे आहारतज्ज्ञांना विचारा. पावडर नळीत चिकटू शकते, तेव्हा मनाने घालू नका.

वाढवायला सुरुवात करण्यापूर्वी एक गोष्ट डॉक्टरांकडून करून घ्या. 64 वरून 54.1 म्हणजे मूळ वजनाच्या 15 टक्क्यांहून जास्त घट. इतकं वजन उतरलेल्या माणसाला एकदम भरपूर पोषण दिलं की रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम झपाट्याने खाली जाऊ शकतं, आणि त्याचा ताण हृदयावर येतो. बाबा 1000 कॅलरी घेत आहेत म्हणून धोका थोडा कमी असेल, तरी या तिन्हींची तपासणी आधी आणि ताशी 90 वर पोहोचल्यावर पुन्हा झालेली बरी. थायमिन, म्हणजे बी-1, चालू आहे का तेही विचारा. मधुमेह असून फीडसाठी इन्सुलिन चालू असेल तर वेळा बदलण्याआधी डोस ठरवून घेणं बंधनकारक समजा. इन्सुलिन दिलं आणि फीड बंद पडलं तर साखर धोकादायक उतरते.

पंपाशिवाय वेग मोजायचा तो थेंबांवरून. नेहमीच्या सेटमध्ये 20 थेंबांचा 1 मिली होतो (पाकिटावर लिहिलेलं असतं, खात्री करा). त्या हिशेबाने ताशी 50 मिली म्हणजे मिनिटाला साधारण 17 थेंब, 70 म्हणजे 23 आणि 90 म्हणजे 30. पण फीड दाट असतं, थेंबाचा आकार बदलतो, रोलर हळूहळू सरकतो. म्हणून थेंब फक्त सुरुवातीला लावण्यापुरते. खरा हिशेब दर तासाला बाटलीवरच्या खुणांवरून करा. बाटलीवर चिकटपट्टी लावून तिच्यावर तासातासाची रेघ मारून ठेवली तर झोपाळलेल्या डोळ्यांनाही कळतं. फीडच्या सेटवर मोठ्या अक्षरात ‘फीड’ लिहा. हाताला सलाईनची सुई असेल तर तो सेट आणि हा सेट कधीही एका स्टँडवर नको.

पावडरचं कालवलेलं फीड बाटलीत चार तासांपेक्षा जास्त लटकवू नका, उन्हाळ्यात त्याहून कमी. त्यामुळे संध्याकाळचे सहा तास दोन बाटल्यांत विभागा. उरलेलं फ्रिजमध्ये झाकून, 24 तासांच्या आत वापरा. दर बाटलीच्या आधी आणि नंतर उकळून गार केलेलं 30 मिली पाणी 50 मिलीच्या सिरिंजने नळीतून द्या. फीड बंद असतानाही दिवसात दोन-तीनदा द्यायचंच. नळी तुंबली तर कोमट पाणी त्याच मोठ्या सिरिंजने हळू पुढे-मागे करा. लहान सिरिंजचा दाब जास्त पडतो आणि नळी फाटू शकते. तार, कोल्ड्रिंक असले उपाय नकोत. घरचं मिक्सरमधलं फीड या बारीक नळीत हमखास अडकतं. खर्चामुळे तेच द्यावं लागत असेल तर हॉस्पिटलच्या आहारतज्ज्ञांकडून पातळपणा आणि गाळण ठरवून घ्या. गोळ्या कुटून नळीतून द्यायच्या असतील तर प्रत्येक गोळी आधी विचारून. हळू विरघळणाऱ्या आणि आवरण असलेल्या गोळ्या कुटायच्या नसतात.

जुलाबांचं दुसरं नेहमीचं कारण म्हणजे सिरपमधला सॉर्बिटॉल हा गोडवा आणणारा घटक. पातळ औषधं किती चालू आहेत ते मोजा. अँटिबायोटिक चालू असेल किंवा नुकतंच संपलं असेल तर ते डॉक्टरांना सांगा. वेग कमी करूनही तीन दिवसांत जुलाब थांबले नाहीत तर शौचाची तपासणी लागेल. शौच चिकट, तेलकट, पाण्यावर तरंगणारं आणि उग्र वासाचं असेल तर चरबी पचत नाही असा अर्थ निघतो, आणि अशा वेळी स्वादुपिंडाच्या एन्झाइमच्या कॅप्सूल उपयोगी पडू शकतात.

आता चार घासांबद्दल. या ऑपरेशनमध्ये बहुतेक वेळा जठराची लांबट नळी शिवून ती छातीत किंवा मानेपर्यंत वर ओढतात. म्हणजे बाबांचं जठर आता पोटात पसरलेलं नाही, छातीत उभं आहे आणि अरुंद आहे. जठराला सैल सोडणारी नस ऑपरेशनमध्ये कापली जाते, त्यामुळे ते अन्नासाठी फुगत नाही आणि कधी वेळेवर रिकामंही होत नाही. भुकेचा संदेश देणारं घ्रेलिन हे हार्मोन मुख्यतः जठराच्या वरच्या भागात तयार होतं. तो भाग काढल्यामुळे किंवा आखडल्यामुळे तेही घटतं. म्हणून ‘भूक लागली की देऊ’ हा नियम इथे चालत नाही. घड्याळाने द्यायचं. दिवसभरात सहा-सात वेळा, दर वेळी अर्धी वाटी, वीस-तीस मिनिटांत.

पोट भरल्याची खूण पोटात शोधू नका, ती छातीत येते. दाटणं, उचकी, नाकातून पाणी, बारीकसा खोकला. यातलं पहिलं लक्षण दिसलं की तो घास शेवटचा. ‘अजून एकच घास, बाबांसाठी’ हा आग्रह प्रेमाचा असला तरी त्या घासानेच उलटी होते आणि पुढचं जेवण बुडतं.

अर्धी वाटीच जाणार असेल तर त्या अर्ध्या वाटीत काय आहे यावर सगळं अवलंबून आहे. पातळ पेज आणि नारळपाणी जागा भरतात, पोषण अगदी थोडं देतात. पेज द्यायचीच तर घट्ट शिजवून, त्यात मऊ मुगाची डाळ आणि चमचाभर तूप घाला. मऊ उकडलेलं किंवा भुर्जीसारखं ओलसर अंडं (एका अंड्यात साधारण 6 ग्रॅम प्रथिनं), कुस्करलेलं पनीर, घट्ट दही, मऊ मासा, दुधात शिजवलेलं नाचणीचं सत्त्व हे जास्त कामाचं. पाणी, ताक, चहा हे खाण्याच्या अर्धा तास आधी किंवा नंतर, घोट घोट. जेवताना पाणी घेतलं की अरुंद जागा पाण्यानेच भरते आणि अन्नही लवकर खाली ढकललं जातं. पोळी, भाकरी आणि पाव लगेच नकोत. चावून त्यांचा गोळा होतो आणि अन्ननलिका व जठर यांच्या नवीन जोडाशी अडतो. सर्जननी मऊ आहार ठरवलेल्या काळापर्यंत थांबा. गॅसवाली पेयं नकोतच.

घाम येण्याबद्दल तुम्ही लिहिलंत, ते महत्त्वाचं आहे. बहुतेक ते खीर किंवा नारळपाण्यानंतर होत असावं. जठराची झडप पूर्वीसारखी काम करत नसल्याने गोड पदार्थ आतड्यात झटकन उतरतो. खाल्ल्यावर पंधरा मिनिटं ते तासाभरात घाम, धडधड, पोटात मुरडा, जुलाब झाले तर हे लवकरचं डंपिंग. एक ते तीन तासांनी थरथर, चक्कर, अशक्तपणा आला तर उशिराचं. यात शरीराने जास्त इन्सुलिन सोडल्यामुळे साखर उतरते. घरात ग्लुकोमीटर असेल तर त्याच क्षणी साखर मोजून आकडा लिहा. उपाय एकच: खीर, शिरा, गूळ, ग्लुकोजची पावडर, फळांचे रस, नारळपाणी सध्या बंद किंवा चमचाभर, आणि प्रत्येक खाण्यात प्रथिनं आणि थोडी चरबी. ताकदीसाठी म्हणून आपल्याकडे जे मुद्दाम देतात, नेमकं तेच इथे त्रास देतं.

खाल्ल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही. शेवटचं खाणं झोपण्याच्या किमान दोन-तीन तास आधी. झोपताना आणि नळीचं फीड चालू असताना डोक्याकडची बाजू 30 ते 45 अंश उंच, फक्त उशी नाही तर कमरेपासून वर. जठर आणि घसा यांच्यामधली झडप आता राहिलेली नाही. आडवं झालं की पित्त आणि अन्न थेट वर येतं आणि फुप्फुसात जाऊ शकतं.

आता वही. रोज एक पान. फीडची वेळ, वेग आणि प्रत्यक्षात गेलेले मिली. ‘900 लावलं’ आणि ‘640 गेलं’ हे दोन वेगळे आकडे आहेत, डॉक्टरांना दुसरा हवा असतो. तोंडाने काय आणि किती, वाटी-चमच्यात. शौच किती वेळा आणि कसं. नळी त्वचेशी कोणत्या सेंटिमीटरच्या खुणेवर आहे ते. आणि त्रास झाला तर तो खाल्ल्यापासून किती मिनिटांनी झाला. वहीतला सगळ्यात बोलका आकडा हाच. नमुन्याला एक ओळ: ‘11.00 अर्धी वाटी खीर. 11.25 घाम, धडधड, 11.50 पातळ शौच. 2.00 पनीर तीन चमचे, काही नाही.’ एवढ्यावरून खीर बंद करायची हे कुणीही सांगेल. ‘आज खाणं सोसलं नाही’ असं लिहिलं तर काहीच सांगता येत नाही.

मिनिटांवरून कारण कसं ओळखायचं ते थोडक्यात. गिळताक्षणी अडतं, आणि आठवड्यागणिक आधी भाकरी, मग भात, मग दाट पेजही अडायला लागली, तर नवीन जोड आकसतोय. त्यासाठी एंडोस्कोपीने तो रुंदावावा लागतो, आणि ते लवकर झालेलं चांगलं. त्याला ‘पोट लवकर भरतं’ समजून घरी बसू नका. संध्याकाळच्या उलटीत सकाळचं अन्न दिसलं तर जठर रिकामं होत नाही. त्रास फक्त फीडचा वेग वाढवलेल्या दिवशी होत असेल तर एक पायरी खाली येऊन दोन दिवस थांबायचं.

वजन आठवड्यातून तीनदा, एकाच काट्यावर, सकाळी शौच-लघवी झाल्यावर, हलक्या कपड्यात, तोंडाने काही घेण्याआधी. पहाटेचं फीड आठला संपतं, तेव्हा दर वेळी ते संपल्यावर करा किंवा दर वेळी चारच्या आधी, पण वेळ बदलू नका. एका दिवसाचा आकडा बघून खूश किंवा नाराज होऊ नका. पाणी आणि शौच यांनी किलोभर इकडे तिकडे होतं. तीन आकड्यांची सरासरी लिहा. समजा एका आठवड्यात 53.6, 54.4, 53.8 आले, तर सरासरी 53.9. मागच्या आठवड्याची 54.1 असेल तर उतार जवळपास थांबलाय, मध्येच 53.6 दिसलं तरी. या घडीला अपेक्षा एवढीच: आधी उतार थांबेल, वाढ नंतर हळू होईल. या ऑपरेशननंतर पहिल्या सहा महिन्यांत मूळ वजनाच्या 10 ते 15 टक्के घट पुष्कळांना होते, आणि बाबा तिथे आधीच पोहोचलेत, म्हणून त्यांच्याबाबतीत आणखी सैल सोडता येणार नाही. सरासरी लागोपाठ दोन आठवडे अर्ध्या किलोहून जास्त उतरली तर पुढच्या तारखेची वाट न बघता वही घेऊन जा. उलट दोन दिवसांत दीड-दोन किलो वाढलं आणि पाय सुजले तर ते मांस नाही, पाणी आहे. तेही कळवायचं.

काही गोष्टींत वही बाजूला ठेवून लगेच निघायचं. फीड चालू असताना पोट फुगून कडक झालं आणि दुखणं वाढत गेलं, तर फीड तिथेच बंद करून हॉस्पिटल. ताप, धाप लागणं, छातीत नवीन दुखणं, मानेच्या जखमेतून लाळ किंवा अन्न येणं ही जोड गळत असल्याची लक्षणं असू शकतात. नळी बाहेर आली किंवा सेंटिमीटरची खूण सरकली तर फीड द्यायचं नाही आणि ती स्वतः आत ढकलायची नाही. भोक स्वच्छ गॉजने झाका आणि काही तासांत पोहोचा, कारण ती वाट लवकर बुजते. बाहेर आलेली नळी सोबत न्या, तिच्या मापाची दुसरी शोधायला उपयोगी पडते.

नळी कधी बंद करायची याचं उत्तर वहीतूनच येईल. तोंडाने गरजेच्या तीन चतुर्थांश, म्हणजे बाबांच्या बाबतीत 1050 ते 1240 कॅलरी, सलग दोन आठवडे जाऊ लागल्या आणि वजनाची सरासरी स्थिर राहिली, तर डॉक्टरांना विचारून आधी पहाटेचे चार तास बंद करा. आठवडाभर वजन टिकलं तर संध्याकाळचे. त्यानंतरही नळी लगेच काढू नका. दोन-तीन आठवडे नुसतं पाणी देत ठेवा. या काळात वजन घसरलं तर नळी हाताशी असते, पुन्हा बसवायची वेळ येत नाही. पुढे केमोथेरपी ठरली असेल तर ती संपेपर्यंत ठेवायची का हे सर्जन आणि ऑन्कोलॉजिस्ट दोघांना आत्ताच विचारून घ्या. नळी काढणं बहुतेक वेळा ओपीडीत, काही मिनिटांचं काम असतं. भोकातून एक-दोन दिवस थोडा स्राव येतो आणि ते आपोआप भरून येतं. आठवड्यानंतरही ओलं राहिलं किंवा आजूबाजूची कातडी सोलवटली तर दाखवायला न्या.